मेट्रोनिडाझोल आणि दारू: काउंटरवर आणि मेसेजमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याच्या बाजूला फार्मसीच्या काउंटरवर उभं राहिलं की मेट्रोनिडाझोलची पट्टी हातात घेतल्या घेतल्या बहुतेक जण पहिला प्रश्न दारूचाच विचारतात. काही जण दुकानात सगळ्यांसमोर विचारत नाहीत, घरी जाऊन मेसेज करतात. खालचे प्रश्न तिथूनच जमवलेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे शेवटी. एकच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून मध्ये मध्ये प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

1. माझ्या गोळीत मेट्रोनिडाझोल आहे की नाही हे कसं ओळखायचं?

पट्टीच्या मागे कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते वाचा. फ्लॅजिल, मेट्रोजिल, ॲरिस्टोजिल ही नावं बदलतात पण आत मेट्रोनिडाझोलच असतं, बहुतेक वेळा 200 किंवा 400 मिलीग्रॅम. दातातला पू, आमांश, योनीमार्गाचं इन्फेक्शन, जियार्डिया, लिव्हरमधला अमीबाचा फोड, अशा बऱ्याच गोष्टींसाठी हे देतात. टिनिडाझोल, ऑर्निडाझोल, सेक्निडाझोल ही त्याच घरातली भावंडं आहेत. नॉर्फ्लॉक्सासिन-टिनिडाझोल किंवा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल अशी जोडगोळी जुलाबासाठी सर्रास घेतली जाते, आणि घेणाऱ्याला आत दुसरं काय आहे हे माहीतच नसतं. भावंडांचं वेगळं उत्तर प्रश्न 8 मध्ये आहे.

एक सांगून ठेवतो, साध्या पाण्यासारख्या जुलाबांना बहुतेक वेळा यातलं काहीच लागत नाही, ओआरएस लागतं.

2. या गोळीवर दारू घेतली तर माणूस मरतो असं ऐकलंय, खरं का?

नाही, असं होत नाही. ही भीती कुठून आली ते सांगतो म्हणजे तिचं वजन तुम्हालाच कळेल.

दारू सोडवायला डायसल्फिराम नावाची गोळी देतात. आपण दारू पितो तेव्हा लिव्हर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग एक एन्झाइम त्याला पुढे निरुपद्रवी करून टाकतं. डायसल्फिराम ते दुसरं एन्झाइम अडवतं, त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड रक्तात साठतं आणि चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली जातं. ही रिएक्शन खरी आहे आणि कधी कधी जिवावरही बेतते.

मेट्रोनिडाझोल 1960 च्या आसपास बाजारात आलं. 1964 मध्ये अमेरिकेत असा रिपोर्ट छापून आला की या गोळीवर असलेल्या पेशंटची दारूची इच्छा कमी झाली. मग डॉक्टरांना वाटलं ही पण डायसल्फिरामसारखीच दिसते, दारू सोडवायला वापरून बघूया. बघितलं, आणि पुढच्या चाचण्यांमध्ये त्यातून काही निघालं नाही. पण 'दारूबरोबर नको' ही सूचना मात्र लेबलवर राहिली आणि डॉक्टरकडून डॉक्टरकडे, फार्मसीवाल्याकडून गिऱ्हाइकाकडे चालत आली. मृत्यूचा एखादा रिपोर्ट आहे, पण त्यात मरणाचं कारण खरंच हेच होतं का यावर नंतर तज्ज्ञांनीच शंका घेतली.

3. मग कोणी नीट तपासून बघितलंय का?

बघितलंय. 2002 मध्ये फिनलंडमध्ये बारा निरोगी पुरुषांवर अभ्यास झाला, अर्ध्यांना पाच दिवस मेट्रोनिडाझोल, अर्ध्यांना औषध नसलेली गोळी, आणि मग सगळ्यांना दारू. दारू वजनाच्या दर किलोला 0.4 ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण एक मोठी बाटली बियर एवढी. रक्तातलं ॲसिटाल्डिहाइड, बीपी, नाडी, सगळं मोजलं. दोन गटांत फरक दिसला नाही. त्याआधी 2000 मध्ये जुने सगळे रिपोर्ट गोळा करून तपासले होते, त्यातही पटण्यासारखा पुरावा सापडला नव्हता. आणि 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात इमर्जन्सीमध्ये आलेले, रक्तात दारू असताना मेट्रोनिडाझोल मिळालेले पेशंट बघितले, तिथेही ही रिएक्शन दिसली नाही.

आता मर्यादा पण सांगायला पाहिजे. बारा माणसं म्हणजे थोडी माणसं, सगळी तब्येतीने धडधाकट, आणि दारू मध्यम. लिव्हर खराब असलेल्या माणसाने रात्रभर फेणी घेतली तर काय होईल याचं उत्तर त्या अभ्यासात नाही. आणि तुरळक लोकांना खरंच चेहरा लाल होऊन उलटी झाल्याचे रिपोर्ट आहेत, ते सगळे खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. पण ही गोळी एकटीच मळमळ, डोकेदुखी, तोंडाला धातूसारखी चव देते, दारू पण मळमळ देते, आणि आजार पण देतो. तिन्ही एकत्र आल्यावर दोष नेमका कुणाचा हे एका माणसाच्या अनुभवावरून कळत नाही.

4. मग डॉक्टर आणि पट्टी अजून नको का म्हणतात?

कारण सगळ्या ठिकाणचे सल्ले सारखे नाहीत. अमेरिकेतलं औषधाचं लेबल सांगतं की कोर्स चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू नको. ब्रिटनमध्ये दोन दिवस सांगतात. आणि अमेरिकेतल्याच सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2021 च्या लैंगिक आजारांच्या गाइडलाइनमध्ये लिहिलं की मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल घेताना दारू टाळायची गरज नाही. तुमच्या डॉक्टरने लेबलप्रमाणे नको सांगितलं तर त्यांनी चूक केलेली नाही.

माझं मत विचाराल तर असं आहे. कोर्स पाच-सात दिवसांचा असतो, आणि इन्फेक्शन झालेल्या शरीराला त्या दिवसांत दारू नाही मिळाली तर काही बिघडत नाही, तेव्हा सहज जमत असेल तर घेऊ नका. पण दारू आणि गोळी यातलं एकच शक्य आहे अशी वेळ आली तर गोळी कधीच सोडू नका. या सूचनेने सगळ्यात जास्त नुकसान केलंय ते लोकांना गोळी चुकवायला लावून, पुढचा प्रश्न त्यावरच आहे.

5. शनिवारी लदीनची प्रार्थना आहे, तेवढ्या एका दिवसाच्या गोळ्या चुकवल्या तर?

हा मेसेज मला शिगम्यात, कार्निव्हलमध्ये, लग्नाच्या मोसमात आणि उर्राकच्या दिवसांत हमखास येतो, मार्च ते मे तर विचारूच नका. उत्तर नीट हिशोब करून देतो.

समजा एका काकांना दाताच्या पुवासाठी 400 ची गोळी दिवसातून तीनदा, पाच दिवस दिलीये, म्हणजे पंधरा गोळ्या. गुरुवारी सकाळी सुरू केल्या. शनिवारी रात्री आठला लदीन, नंतर चण्यांबरोबर फेणी फिरणार हे ठरलेलं. म्हणून त्यांनी शनिवारी सकाळी सातची गोळी घेतली आणि दुपारची, रात्रीची आणि रविवार सकाळची सोडली.

मेट्रोनिडाझोल रक्तात साधारण दर आठ तासांनी निम्मं होतं. सकाळी सातची गोळी रात्री आठला, म्हणजे तेरा तासांनी, जवळपास एक तृतीयांश शिल्लक असते, वर आधीच्या दोन दिवसांच्या गोळ्यांचं थोडं उरलेलं वेगळंच. म्हणजे ज्या रिएक्शनच्या भीतीने गोळी सोडली ते औषध फेणीच्या पहिल्या घोटाला अंगात आहेच. ती रिएक्शन खरी असती तरी काका तिच्यापासून वाचले नसते.

आता दुसरी बाजू बघा. रविवारी दुपारी बारापर्यंत एकोणतीस तास झाले, औषध दहा टक्क्यांच्याही खाली आलंय. शनिवार रात्र आणि रविवार सकाळ हे जंतू मोकळेच होते, आणि दाताच्या मुळाशी पू असेल तर त्याला तेवढं पुरतं. सोमवारी गाल परत सुजतो, मग नवीन कोर्स, नवीन पैसे, आणि सुजीमुळे तोंड उघडेना किंवा गिळता येईना अशी वेळ आली तर सरळ हॉस्पिटल.

तर काकांनी काय करायला हवं होतं? लदीनला जायचं, चणे खायचे, सोडा किंवा कोकम घ्यायचं, आणि आठची गोळी खिशात न्यायची. आणि कोणी आग्रह केला आणि एक घेतलीच तरी गोळी वेळेवर घ्यायची.

6. गोळी घेताना चुकून दारू घेतली, आता काय करू?

बहुतेकांना काहीच होत नाही. पाणी प्या, जेवा, आणखी दारू घेऊ नका आणि पुढची गोळी वेळेवर घ्या. मुद्दाम उलटी काढायची नाही. चेहरा लाल झाला, डोकं दुखलं, मळमळलं तर आडवं होऊन वाट बघा, सहसा काही तासांत उतरतं. पण छातीत दुखतंय, श्वास लागतोय, चक्कर येऊन पडलात, उलटी थांबतच नाही किंवा माणूस हाक मारून नीट उठत नाही, तर 108 ला फोन करा आणि गोळीची पट्टी बरोबर न्या. अशा वेळी 'गोळी आणि दारूमुळे असेल' म्हणून घरी बसून राहणं हे धोक्याचं आहे, कारण ते हार्ट अटॅक किंवा दुसरंच काही असू शकतं.

7. कोर्स संपल्यावर किती तास थांबायचं?

प्रश्न 5 मधला आठ तासांचा हिशोब पुढे चालवा. शेवटच्या गोळीनंतर चोवीस तासांनी एक अष्टमांश उरतं, अठ्ठेचाळीस तासांनी चौसष्टावा भाग, बहात्तर तासांनी जवळपास काहीच नाही. दोन दिवस, तीन दिवस हे आकडे साधारण याच अंदाजातले आहेत. लेबल पाळायचं असेल तर तीन दिवस थांबा. लिव्हर बिघडलेलं असेल तर औषध हळू उतरतं, मग हा हिशोब लागू होत नाही, डॉक्टरांना विचारा.

8. टिनिडाझोल, ऑर्निडाझोलला पण हेच लागू का?

टिनिडाझोल अंगात जास्त वेळ राहतं, बारा-चौदा तासांनी निम्मं होतं, म्हणून त्याला तीन दिवस थांबायला सांगतात. पुरावा मात्र त्याच्याबाबतीतही तेवढाच कमकुवत आहे, वर सांगितलेल्या सीडीसीच्या सल्ल्यात टिनिडाझोलचंही नाव आहे. ऑर्निडाझोल प्रश्न 2 मधलं ते एन्झाइम अडवत नाही असं मानतात, तरी त्यानेही मळमळ आणि गुंगी येते. वागायचं सगळ्यांना सारखंच, जमलं तर टाळा, गोळी चुकवू नका.

9. पोट बिघडलं की आमच्याकडे फेणीचा घोट देतात, गोळीबरोबर चालेल का?

गोळीशी भांडण म्हणून नाही, पण जुलाबात फेणी देऊ नका. काजू फेणीत चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं, ते आधीच सुजलेल्या आतड्याला आणखी चिडवतं आणि लघवी वाढवून शरीरातलं पाणी कमी करतं, जे जुलाबात आधीच कमी असतं. आजी मायेने देते हे मला कळतं, तिला ओआरएसचं पाकीट आणि लिटरभर पाणी द्या आणि घोट घोट पाजायला सांगा, ते तिच्या हातून जास्त चांगलं होतं.

10. सान्नां, सोरपोतेल, माउथवॉश, सॅनिटायझर यातलं अल्कोहोल मोजायचं का?

सान्नांत माडाची सूर घातली तरी पीठ फुगून वाफवल्यावर उरतं ते नगण्य. सोरपोतेल, विंदालूतला व्हिनेगर म्हणजे आंबवून झालेलं ॲसिड, दारू नाही. बिनधास्त खा, तिखटाने मळमळ वाढत असेल तर तेवढं कमी करा. माउथवॉश थुंकायचं असतं, सॅनिटायझर हाताला लावायचं असतं, ते मोजू नका.

एक वेगळी गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. जुलाबावर घरात कुटजारिष्ट असतं आणि ते लोक मेट्रोनिडाझोलबरोबर सर्रास घेतात. आसव-अरिष्ट आंबवून करतात म्हणून त्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर टक्केवारी लिहिलेली असते, बघा. दोन-चार चमचे म्हणजे थोडंच, घाबरण्यासारखं नाही, पण 'मी दारूला शिवत नाही' म्हणणाऱ्याने 'बियर का नको' म्हणून दुसऱ्याला ओरडण्याआधी हे माहीत असावं. दोन्ही औषधं एकदम घेताय हे डॉक्टरांना सांगा म्हणजे झालं.

11. जेल लावतेय, गोळी नाही, तरी दारू बंद का?

चेहऱ्याला लावायच्या किंवा हिरड्यांच्या जेलमधून रक्तात फारच थोडं जातं, काही टाळायची गरज नाही. योनीमार्गात वापरायच्या जेलमधूनही गोळीपेक्षा खूपच कमी जातं. सलाईनमधून देतात ते मात्र गोळीसारखंच धरायचं.

12. मग खरंच टाळायचं असं काही आहे की नाही?

आहे, आणि याबद्दल कोणी विचारत नाही म्हणून मला हे सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं.

पहिलं रक्त पातळ करायच्या गोळ्या. हार्टचा व्हॉल्व बदललेल्या, पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झालेल्या पेशंटना आपल्याकडे ॲसिट्रोम म्हणजे ॲसिनोकुमारॉल किंवा वॉर्फरिन चालू असतं. मेट्रोनिडाझोल लिव्हरमध्ये या औषधांचा निचरा अडवतं, मग तोच डोस जास्त काम करायला लागतो, आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा चढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. समजा व्हॉल्व बदललेल्या एका बाईंचा आयएनआर नेहमी तीनच्या आत असतो. जुलाब झाले, जवळच्या दुकानातून मेट्रोनिडाझोल घेतलं, वर जुलाबामुळे खाणं कमी, त्यानेही आयएनआर वाढतोच. चौथ्या-पाचव्या दिवशी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, हातावर काळेनिळे डाग दिसतात, शी काळी होते. बाई कधी दारूला शिवल्या नाहीत म्हणून दुकानात सगळ्यांना वाटलं हिला काही धोका नाही, आणि धोका खरा हिलाच होता.

अशा माणसाने काउंटरवरून ही गोळी घ्यायचीच नाही. डॉक्टरांनीच लिहिली तर 'मला ॲसिट्रोम चालू आहे' हे त्यांना तोंडाने सांगायचं, गोळी सुरू झाल्यावर तीन ते पाच दिवसांत आयएनआर करायचा, आणि कोर्स संपल्यावर परत एकदा, कारण तेव्हा तो खाली येतो. ॲसिट्रोमचा डोस मनाने कमी-जास्त करायचा नाही. आणि डोक्याला मार लागला, शी काळी झाली किंवा लघवीतून रक्त आलं तर आयएनआरची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

दुसरं लिथियम. मूडच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांच्या रक्तात त्याची पातळी वाढू शकते, हात थरथरणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं दिसलं तर लगेच पातळी तपासायची.

तिसरं डायसल्फिराम, त्याचा प्रश्न वेगळा आहे, 14 बघा.

13. हातापायाला मुंग्या येतायत, गोळीमुळे का?

पाच-सात दिवसांच्या कोर्समध्ये सहसा नाही. पण काही आजारांत हे कित्येक आठवडे चालतं, किंवा लोक जुनं प्रिस्क्रिप्शन दाखवून पुन्हा पुन्हा घेत राहतात, तेव्हा पायाच्या बोटांपासून मुंग्या, बधिरपणा सुरू होऊ शकतो. रोजची दारूही नसांना तेच करते, तेव्हा लांब कोर्समध्ये दारू टाळायला हे खरं कारण आहे. मुंग्या, तोल जाणं, बोलताना जीभ अडखळणं, फिट येणं, यातलं काहीही झालं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, बहुतेकांचं थांबवल्यावर सुधारतं.

लघवी गडद लालसर-तपकिरी होते, त्याने घाबरू नका, ते औषधाचं आहे. पण डोळेही पिवळे दिसत असतील तर दाखवा.

14. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून आम्ही जेवणातून गोळी देतो, त्यांना आता मेट्रोजिल लिहिलंय, सांगू का डॉक्टरांना?

आजच सांगा, ताई, त्यांच्यासमोर नको वाटत असेल तर डॉक्टरांना एकटं भेटून सांगा, पण पहिली गोळी देण्याआधी. जेवणातली ती गोळी बहुतेक डायसल्फिराम असते. डायसल्फिराम आणि मेट्रोनिडाझोल एकत्र आलं की काही जणांना भ्रम होतात, नाही ते दिसतं, नाही ते ऐकू येतं, माणूस एकदम वेगळाच वागायला लागतो. डायसल्फिरामनंतर दोन आठवडे जायच्या आधी मेट्रोनिडाझोल देत नाहीत, डॉक्टर दुसरं औषध निवडू शकतात.

आणि लपवून डायसल्फिराम देणं स्वतःच धोक्याचं आहे, प्रश्न 2 मध्ये लिहिलेली ती रिएक्शन त्यांना काही माहीत नसताना बारमध्ये येऊ शकते. तुमची हतबलता मला कळते, दोष देत नाही, पण आज थांबवा आणि सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात त्यांच्याबरोबर जा, तिथे हे उघडपणे करता येतं.

15. भाऊ रोज क्वार्टर-दोन क्वार्टर घेतो, गोळी सुरू करायची म्हणून आज एकदम बंद केली, ठीक ना?

इथे मी सगळ्यांना थांबवतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर सहा-आठ तासांपासून हात थरथरणं, घाम, बेचैनी, झोप न येणं सुरू होतं, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काही जणांना भ्रम, ताप, अंगात कसलं तरी भरल्यासारखं वागणं होतं, त्यात जीव जाऊ शकतो. मेट्रोनिडाझोलवर थोडी दारू घेण्यापेक्षा हा धोका कितीतरी मोठा आहे.

म्हणून अशा माणसाने गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना रोजचं खरं प्रमाण सांगायचं, लाजून 'कधी तरी घेतो' म्हणायचं नाही. डॉक्टर एक तर देखरेखीखाली औषध देऊन दारू सोडवतील, नाही तर इन्फेक्शनचा कोर्स आधी पूर्ण करून घेतील. भावाचे हात थरथरतायत किंवा तो असंबद्ध बोलतोय असं आत्ताच दिसत असेल तर वाट न बघता हॉस्पिटल.

16. लिव्हरमध्ये अमीबाचा फोड निघालाय, दहा दिवस मेट्रोनिडाझोल दिलंय. तुमच्या हिशोबाने तेरा दिवसांनी दारू चालेल?

नाही, इथे माझा वरचा कुठलाच हिशोब वापरू नका. हा आजार आपल्याकडे बहुतेक करून मोठ्या पुरुषांना होतो आणि त्यात दारू जास्त घेणारे बरेच असतात. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, कधी उजव्या खांद्यात कळ, आणि सोनोग्राफीत फोड दिसतो. दारू बंद ठेवायची ती गोळीशी पटत नाही म्हणून नाही, लिव्हरला भोक पडलंय ते भरून यायला पाहिजे म्हणून. ताप आणि दुखणं चार-पाच दिवसांत कमी होतं, पण सोनोग्राफीत तो फोड पूर्ण जायला महिने लागतात. दारू कधी सुरू करायची, करायची की नाही, हे लिव्हरचे रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील.

दोन गोष्टी अजून. मेट्रोनिडाझोल लिव्हरमधला अमीबा मारतं, पण आतड्यात लपलेली त्याची बीजं त्याने पुरती जात नाहीत, त्यासाठी नंतर डायलोक्सानाइड फ्युरोएट 500 मिलीग्रॅम दिवसातून तीनदा दहा दिवस देतात. बरं वाटायला लागलं म्हणून हा दुसरा कोर्स बरेच जण घेतच नाहीत आणि मग आजार परत येतो. तो लिहून दिलाय का ते डिस्चार्जच्या कागदावर बघा.

आणि त्याच कागदावर ॲडमिट असताना दिलेल्या इंजेक्शनांची नावं वाचा. सेफोपेराझोन नावाचं ॲन्टिबायोटिक अशा पेशंटना बरेचदा देतात, बहुतेक वेळा सल्बॅक्टमबरोबर. त्याची डायसल्फिरामसारखी रिएक्शन खरोखर सिद्ध झालेली आहे, शेवटच्या इंजेक्शननंतर तीन दिवसांपर्यंत दारूने ती येऊ शकते. हॉस्पिटलमधून सुटल्याच्या संध्याकाळी एक पेग घेऊन कोणाचा चेहरा लाल झाला आणि छाती धडधडली, आणि सगळ्यांनी मेट्रोनिडाझोलला नावं ठेवली, तर आधी कागदावर सेफोपेराझोन आहे का ते बघा.